दारातला लेथ

अमीरजानचाचा चलुवराजच्या खेळण्यांच्या दुकानाच्या दारात बसायचे आणि मी शेजारच्या माझ्या कॉफीच्या टपरीत. मधे पत्र्याची भिंत, तीही कमरेएवढीच. त्यामुळे त्यांचं शिंकणं, खोकणं, चिडणं सगळं माझ्या कानावर होतं. आता गावात त्यांच्याबद्दल लोक काहीबाही बोलतात. त्यातल्या निम्म्यांना लाखेची कांडी कुठल्या हातात धरतात हेसुद्धा ठाऊक नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

माणूस दिसायला देखणा. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, अंगावर भुग्याने माखलेला बिनबाह्यांचा स्वेटर, तोही भर उन्हाळ्यात. लेथवर हाले नावाच्या झाडाच्या मऊ लाकडाचा तुकडा फिरायला लागला की पटाशी टेकवायचे, आणि पांढऱ्याशुभ्र ढलप्या त्यांच्या मांडीवर पडत राहायच्या. मग फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबायची. घासून घासून लाकूड तापतं, लाख वितळते आणि आपोआप लाकडाला धरते. वरून केवड्याचं वाळलेलं पान दाबलं की असा उजाळा येतो की आपलं तोंड दिसावं. एवढं झालं की भोवरा कापून खाली पडायचा आणि बघणारे टाळ्या वाजवायचे.

बघणारे म्हणजे गाड्यांतून येणारे लोक. बेंगळुरूहून म्हैसूरला जाणारी सगळी दुनिया पूर्वी आमच्या दारावरून जायची. लहान मुलं खिडकीतूनच हट्ट धरायची, बाप गाडी थांबवायचा, आई खेळणी निवडायची, आणि माझ्याकडे वडा-कॉफी घेऊन मंडळी पुढे जायची. मग गावाबाहेरून नवा रुंद रस्ता झाला. गाड्या तिकडून सुसाट जायला लागल्या आणि आमच्याकडे माश्या. रांगेतली दोन-तीन दुकानं बंद पडली. एकात आता मोबाईल दुरुस्तीवाला बसतो.

चलुवराज काही वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगते. घरात आजारी आई, शाळेत जाणाऱ्या दोन मुली, आणि दुकानात गिऱ्हाईक नाही. त्याने बेंगळुरूच्या घाऊक बाजारातून खोकी आणायला सुरुवात केली. चीनची खेळणी. लाकडाचीच, पण यंत्रातून पटापट निघालेली आणि वरून रंगाचा फवारा मारलेली. आमच्या खेळण्यांपेक्षा गुळगुळीत, चकचकीत आणि निम्म्याहून स्वस्त. खोक्यावरचं लेबल काढायचं, खेळणं फळीवर मांडायचं, संपलं काम. वर पाटी तीच जुनी, चन्नपट्टणची लाखेची खेळणी.

पण नुसत्या पाटीवर कोण विश्वास ठेवतो? म्हणून त्याने एक लेथ आणून चाचांना दारात बसवलं. चाचांचा स्वतःचा लेथ कधीच मोडीत गेला होता. मुलगे बेंगळुरूला टॅक्सी चालवतात, बापाच्या कामाला त्यांनी हात लावला नाही. घरी बसून चाचा सुनेच्या बोलण्याला कंटाळले होते. चलुवराज म्हणाला, "चाचा, तुम्ही फक्त बसा. लोकांना तुमचा हात दिसू द्या." चाचा बसले. आणि त्यांचा हात दिसला की लोकांचा हात खिशात जायचा.

खोटं असं ते कधी बोलले नाहीत. हेही सांगितलं पाहिजे. एखाद्या बाईने फळीवरचा हत्ती उचलून विचारलं, "हा तुम्ही केला का, बाबा?" की चाचा लेथचा वेग वाढवायचे आणि त्या घरघरीत त्यांना काही ऐकू यायचं नाही. मात्र समोर केलेला भोवरा पोराच्या हातात ठेवताना आठवणीने म्हणायचे, "हा मी केला. हा." पोराला काय कळणार? मला कळायचं.

एकदा गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी म्हटलं, "चाचा, मला तरी शिकवा, खरं कसं ओळखायचं. उद्या नातवाला घ्यायचं म्हटलं तर हाच चलुवराज मला गंडवेल."

ते हसले. दोन खुळखुळे आणून माझ्या ओट्यावर ठेवले. "होन्नम्मा, आधी भोक बघ."

"कसलं भोक?"

"दांडा घालतात ते. फवाऱ्याचा रंग भोकातसुद्धा शिरतो. आमची कांडी तिथे पोचतच नाही, म्हणून आत कोरं लाकूड दिसतं. मग बुडाशी बघ. लेथवर धरल्याची खूण असते, बारीक ठिपका. उजेडात तिरका धर. लाखेवर केसासारख्या गोल रेघा दिसतील, कारण रंग फिरताफिरता चढतो. आणि रंगाचे पट्टे नेहमी गोलच. चौकोनी ठोकळ्यावर कुणी लाख चढवून दाखवली तर मी त्याच्या पाया पडेन."

"आणि हा दुसरा?"

त्यांनी नखाने दुसऱ्याची कड खरवडली. रंगाचा पापुद्रा सुटून त्यांच्या नखात आला. पापुद्रा नखातून काढत ते म्हणाले, "पोरं तोंडात घालतात गं हे."

"मग सांगा की चलुवराजला."

"त्याला माहीत नाही असं वाटतं तुला?" असं म्हणून ते उठले आणि खुळखुळा होता तिथे नेऊन ठेवला. मला तेव्हाच राग आला होता. पण मीही वडे तळत बसले. त्या दुकानाला गिऱ्हाईक आलं तरच माझे वडे खपतात.

चाचांना दारात बसायचं वेड लागलं होतं, हे त्यांच्या गप्प बसण्याचं खरं कारण. पोटापाण्याचं म्हणाल तर मुलगे पाठवायचे थोडंफार. पण लोक मोबाईल धरून त्यांचं चित्रण करायचे. "किती सुंदर हात आहेत" म्हणायचे. एका परदेशी बाईने त्यांच्या पायांना हात लावला होता, ती गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की शेवटी मी म्हटलं, चाचा, आता त्या बाईलाही विसर पडला असेल. उभ्या आयुष्यात कारागिराकडे कुणी मान वर करून बघितलं नव्हतं. म्हातारपणी ते कौतुक मिळालं, आणि ते सोडवेना.

खैरून त्यांच्या बहिणीची मुलगी. गावामागच्या कारागिरांच्या वस्तीत तिचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन लेथ आणि चार-पाच बायका. ती शिकायला लागली त्या काळी बाईमाणसाला लेथवर कुणी बसू द्यायचं नाही. बायकांनी रंग कालवायचा, पुसायचं, बांधायचं, एवढंच. चाचांनी आपल्या भाचीला लेथवर बसवलं आणि सगळ्या जमातीच्या शिव्या खाल्ल्या. त्याबद्दल मी त्यांना कायम मान दिला आहे आणि आजही देते. खैरूनचा मामूवर इतका विश्वास की कुठल्याही नव्या खेळण्याचा पहिला नग ती नेहमी त्यांच्या हातात द्यायची. ते बोट फिरवायचे, मान हलवायचे. त्यांनी मान हलवल्याशिवाय तिने एक नग बाहेर पाठवला नाही.

चलुवराजने खोकी आणायला सुरुवात केल्यापासून तिच्याकडून माल घेणं जवळजवळ थांबवलं होतं. बेंगळुरूचे एक-दोन व्यापारी होते, त्यांच्यावर तिची शेड कशीबशी चालत होती.

अशात म्हैसूरहून वारिजा मॅडम आल्या. नोकरी करणाऱ्या आयांच्या बाळांना सांभाळायची त्यांची घरं आहेत, म्हैसूरभर. प्लॅस्टिक नको, लाकडाची खरी खेळणी हवीत, दरवर्षी लागतील, असं म्हणाल्या. उभ्या राहून त्यांनी चाचांचं काम पाहिलं. चलुवराज नेमका जेवायला गेला होता. मॅडमने हळूच विचारलं, "बाबा, खरं सांगा, असं काम मला कुठे मिळेल?" चाचांनी इकडे तिकडे पाहिलं आणि खैरूनच्या शेडचा रस्ता सांगितला. पत्र्यावरून मी ऐकलं आणि मनात म्हटलं, शाबास म्हाताऱ्या.

मॅडमने खैरूनकडून नमुने घेतले. खुळखुळे, कड्यांचा मनोरा, छोटी गाडी. जाताना चलुवराजच्या फळीवरूनही तसेच घेतले, ताडून बघायला. चलुवराजला त्या संध्याकाळीच कळलं. तो चिडला नाही. चाचांच्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाला, "चाचा, भाचीचं भलं बघायचं तर बघा. पण मग लेथवर पण तिच्याकडेच बसा. इथे काय भोवरे पाडता फुकटचे?" दुसऱ्या दिवशी चाचा नेहमीच्या आधी येऊन दार झाडून बसले.

मॅडम परत आल्या तेव्हा मी चटणी वाटत होते. त्यांनी खैरूनलाही तिथेच बोलावून घेतलं होतं, दोघांसमोर सोक्षमोक्ष लावायला. खैरून बुरखा सावरत उभी होती, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. तिला वाटलं काम पक्कं झालं.

मॅडमने पिशवीतून एक पांढरं फडकं काढलं. त्यावर लाल, पिवळे, निळे डाग.

"हे बघा," त्या खैरूनला म्हणाल्या. "आमच्याकडे बाळांची खेळणी रोज पुसतात. तुमची खेळणी एकदा पुसली तर हे असं झालं. सगळा रंग फडक्याला, आणि खेळणं चिकट. यांच्या दुकानातल्यांना काहीसुद्धा झालं नाही. तुम्ही म्हणालात लाख आहे, झाडापासूनचे रंग आहेत. मग हे काय?"

खैरूनचा चेहरा पडला. "मॅडम, लाख पुसून जात नाही. पाण्यात टाका हवं तर."

"मी काय खोटं बोलते?"

चलुवराज मधे पडला, अगदी मायेने. "मॅडम, भांडू नका. आमच्या खैरूनताई मेहनती आहेत, कधी कच्चा माल खराब येतो. हे बघा, इथे अख्ख्या चन्नपट्टणातला सगळ्यात जुना हात बसलाय. हे तिचे सख्खे मामा, म्हणजे माझी बाजू तर घेणार नाहीत. यांनाच विचारा."

मॅडमने फडकं चाचांच्या हातात दिलं.

चाचांनी लेथ थांबवला. फडकं बोटांत चोळलं, मग नाकाशी नेलं. मी पत्र्यापलीकडून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना काहीतरी कळलं, हे मला स्पष्ट दिसलं. भुवया वर गेल्या, तोंड उघडलं. मग त्यांनी चलुवराजकडे पाहिलं. चलुवराज हसत होता.

"मामू?" खैरून म्हणाली.

चाचांनी फडक्याची घडी घातली, मॅडमला परत दिली आणि लेथ चालू केला.

बस, एवढंच. बोलले काही नाहीत. मॅडमला जे समजायचं ते समजलं. खैरून वळून निघून गेली. तिच्या मागून मी हाक मारली, कॉफी तरी घे म्हटलं. तिने मान हलवली नाही की वळून पाहिलं नाही. मॅडमने चलुवराजकडे खेळण्यांची मागणी नोंदवली, आणि त्या संध्याकाळी चलुवराजने माझ्या टपरीवरून सगळ्यांना वडे वाटले. चाचांनी आपला वडा कागदासकट कुत्र्याला घातला.

त्यानंतर त्यांचा हातच गेला. तेच लाकूड, तीच कांडी, पण लाख धरेना. कुठे जाड, कुठे पातळ, कुठे करपलेली. भोवरा खाली पडायचा आणि तिरका फिरायचा. बघणाऱ्या पोरांना तरी मजा वाटायची, पण चाचा तो उचलून स्वतःच्या खिशात घालायचे, कुणाला देत नसत. जेवणाचा डबा तसाच परत न्यायचे. नमाजाला जाऊन आले की डोळे लाल. मला वाटलं आजारी आहेत. दवाखान्यात चला म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले.

शेवटी एका दुपारी, रस्त्यावर कुणी नसताना, त्यांनी आपणहून पत्र्यावर कोपर टेकवलं.

"होन्नम्मा, त्या फडक्याला स्पिरिटचा वास होता."

"म्हणजे?"

"ते हात पुसायचं औषध असतं ना बाटलीत, ज्याने रोगजंतू मरतात, त्याने पुसली होती खेळणी. त्यात स्पिरिट असतं. लाख पाण्याला दाद देत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. खरी असेल तरच विरघळते. त्या फवाऱ्याच्या रंगाला काही होत नाही." "रंग फडक्याला आला, हीच खैरूनच्या मालाची खूण होती. तीच माझ्या हातात दिली बाईने. आणि मी घडी घालून परत केली."

मला इतका संताप आला की हातातला झारा मी कढईत आपटला. "मग तोंड का शिवलं होतं तुमचं? भाची ना तुमची? एक वाक्य बोलायला काय धाड भरली होती?"

"इथून उठवलं असतं मला."

"उठवलं असतं तर उठवलं असतं. दारात बसून कोणता तख्त-ताज मिळाला तुम्हाला?"

ते उभ्या उभ्या रडायला लागले, आणि मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. कारण मीही त्यांच्या तोंडाकडे बघितलं होतं आणि चटणी वाटत राहिले होते. वास मला आला नव्हता हे खरं. पण काहीतरी आहे हे कळलं होतं आणि मी विचारलं नाही. चलुवराजचं दुकान चाललं तर माझी टपरी चालते.

दुसऱ्या दिवशी टपरी सुनेवर सोपवून मी त्यांना घेऊन म्हैसूरच्या बसमध्ये बसले. चाचांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पिशवीत खैरूनने पूर्वी केलेला एक खुळखुळा, चलुवराजच्या फळीवरचा एक, आणि औषधाच्या दुकानातून घेतलेली स्पिरिटची बाटली. वाटभर ते काय बोलायचं ते ओठांत घोळवत होते, लग्नात भाषण करायचं असल्यासारखे.

वारिजा मॅडमने बसायला सांगितलं. आत बाळांचा गलका चालू होता. चाचांनी आधी पाण्याने दोन्ही खुळखुळे पुसले, काही झालं नाही. मग स्पिरिटने. खैरूनच्या खुळखुळ्याने फडकं लाल केलं, दुसरा जसाच्या तसा. मग त्यांनी मला दाखवलं होतं तेच दाखवलं, भोक, बुडाचा ठिपका, गोल रेघा. शेवटी दुसऱ्याची कड नखाने खरवडून पापुद्रा मॅडमच्या टेबलावर ठेवला.

मॅडमने तो पापुद्रा बोटावर उचलून पाहिला. मग उठून आत गेल्या आणि बाळांच्या हातांतली सगळी खेळणी गोळा करायला सांगितली. बाळं रडायला लागली. तो गलका ऐकून चाचा खुर्चीत आक्रसून बसले.

मॅडम परत आल्या. "त्या दिवशी तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"फडकं हातात असतानाच?"

"हो, अम्मा."

"तुम्हाला हे आजच कळलं असतं तर मी तुमचे पाय धरले असते," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "त्या दुकानदाराचं मी बघते. पण ही आमची बाळं इतके दिवस ती तोंडात घालत होती, आणि तुम्ही दारात बसून होतात."

"अम्मा, काम खैरूनला द्या. तिचं काही चुकलं नाही."

"तिचं खरं आहे हे मला कोणी सांगायचं? तुम्ही?" मॅडमने खुळखुळा चाचांकडे सरकवला. "मला आता तुमच्या गावचं काहीच नको. मी मुलांना कापडाचे चेंडू शिवून देईन."

परतीच्या बसमध्ये मी चाचांना म्हटलं, निदान खरं बोललात. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांच्या खरं बोलण्याने चलुवराजचं काम गेलं, खैरूनचंही गेलं आणि ती बाई आमच्या गावाकडे पुन्हा वळणार नाही. हे माझ्या मनात आलं, पण मी बोलले नाही. माणसाला किती टोचायचं?

बसमधून उतरलो ते सरळ खैरूनच्या शेडकडे. चाचांना उद्यावर ढकलायचं नव्हतं. उद्या धीर राहील की नाही, याची त्यांनाच खात्री नव्हती.

शेडमध्ये एकच लेथ चालू होता. बायका नव्हत्या. कोपऱ्यात रंग खरवडून काढलेल्या खेळण्यांचा ढीग पडला होता, नागडं पांढरं लाकूड. चुलीवर लाख शिजवायची कढई पालथी घातलेली. खैरूनने मामूंना पाहिलं आणि उठून स्टूल पुढे केलं. रागाने नाही, नेहमीसारखंच, मान खाली घालून.

"मामू, सगळी लाख टाकून दिली मी," ती आपणहून सांगायला लागली. "सगळ्या कांड्या. तयार माल पण परत खरवडला. बेंगळुरूला जायचा होता, तोही थांबवला. खराब माल तुमच्या नावाने कसा पाठवू?"

चाचा स्टुलावर बसलेच नाहीत. "कुणी सांगितलं तुला खराब आहे?"

"तुम्ही बोलला नाहीत ना." तिने मान वर केली. "तुमची चूक काढत नाही मी. तुम्ही मला चार लोकांत वाईट म्हणायचं नाही म्हणून गप्प राहिलात, कळलं मला. आधी वाटलं पाणी लागलं असेल. मग वाटलं, मामूंनी बोटांत धरून बघितलंय, वास घेतलाय, आणि मान हलवली नाही. म्हणजे लाखेतच स्वस्तातली राळ मिसळली आहे. लाख सक्कम्मा शिजवायची. मी तिला विचारलं, राळ किती घातलीस, लाख किती लांबवलीस? ती नाही नाही म्हणत राहिली. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा माझ्या मामूंचं नाक मला जास्त माहीत आहे. गेली ती. आता गारमेंटच्या कारखान्याच्या बसने कामाला जाते, रस्त्यात भेटली तर तोंड फिरवते."

सक्कम्मा त्या शेडमधली सगळ्यात जुनी बाई. खैरून लेथवर बसायला लागली तेव्हापासून लाख तिच्या हातची.

चाचांनी सांगितलं. स्पिरिट, फडकं, चलुवराजचं हसू, म्हैसूर, सगळं. उभ्यानेच, एकही शब्द न लपवता. मी दारात उभी होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

खैरून ऐकत राहिली. लेथ तसाच रिकामा फिरत होता, तो बंद करायचं तिला सुचलं नाही. रडली नाही, ओरडली नाही. मला वाटलं होतं ती मामूंना शेडबाहेर काढेल. मी असते तर काढलं असतं.

"म्हणजे लाख चांगली होती," ती शेवटी म्हणाली.

"चांगली होती."

"आणि सक्कम्माने काही घातलं नव्हतं."

"नाही."

तिने कोपऱ्यातल्या ढिगाकडे पाहिलं. "मी चोर म्हटलं तिला, मामू. चार बायकांसमोर."

चाचा हात जोडायला गेले. तिने त्यांचे हात धरून खाली केले. "माझ्यापुढे नको. संध्याकाळी तिची बस येते, तिथे जा."

"तू चल बरोबर, बेटा."

"मी येईन, पण नंतर. माझं मला सांगायचं आहे, ते मी सांगेन. आधी तुम्ही जा."

चाचा दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. म्हातारा माणूस, सबंध आयुष्यात कुणा बाईपुढे मान खाली घालून उभा राहिलेला नव्हता. त्यांनी मागे वळून विचारलं, "काय सांगू तिला?"

खैरून लेथकडे वळली होती. पाठमोरीच म्हणाली, "त्या दिवशी मॅडमला सांगायचं होतं तेच."